साखरेची डबी

एका फोटोखालचं छोटंसं कॅप्शन लिहायला मला बारा दिवस लागले. फोटोत फक्त स्टीलची एक डबी आहे, मुठीत मावेल एवढी. ती आमच्याकडे कशी आली हे नीट सांगायचं तर टाटानगर ते दादर असा पूर्ण प्रवास सांगावा लागतो. घरातलं इन्सुलिन घेणारं माणूस सोबत घेऊन लांबच्या गाडीने जाणाऱ्यांना त्यातलं काही उपयोगी पडेल, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

माझी ताई जमशेदपूरला असते. ऑगस्टमध्ये तिचं बाळंतपण झालं, तेव्हा आई तिच्याकडे गेली होती. आईला परत लालबागला आणायचं काम माझ्याकडे होतं. आई 66 वर्षांची. गेली नऊ वर्षं तिला मधुमेह आहे आणि दोन वर्षांपासून सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन आहे. रिझर्व्हेशन 60 दिवस आधी उघडतं. ताईकडचं बारसं, बाळाची लस असं करता करता आमची तारीख उशिरा ठरली. 4 ऑक्टोबरला तिकीट काढायला बसले तेव्हा 22 नोव्हेंबरच्या गाडीला स्लीपरमध्ये दोघींनाही आरएसी मिळालं. दोन तिकिटांचे मिळून चौदाशेच्या घरात गेले. एसीला याच्या दुपटीहून जास्त पडत होते आणि तिथे तर वेटिंगच होतं. म्हटलं, अजून दीड महिना आहे, होईल कन्फर्म.

नाही झालं. 22 तारखेला सकाळी उठल्या उठल्या मोबाइल बघितला, चार्ट लागला होता. दोघींच्या नावापुढे एकच साइड लोअर. ज्यांनी आरएसीने रात्रीचा प्रवास केलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: गाडीत चढायचा हक्क पक्का असतो, पैसे पूर्ण घेतलेले असतात, पण एका बाकावर दोन माणसं. दिवसा त्याचं काही वाटत नाही. समोरासमोर दोन खुर्च्या असल्यासारखं बसता येतं. रात्री मात्र पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न उरतो. कोणी आलंच नाही किंवा मधल्या स्टेशनवर एखादा बर्थ रिकामा झाला, तर तो आरएसीवाल्यांना मिळतो. आमचं ठरलं होतं की आईने झोपायचं, मी पायथ्याशी बसून रात्र काढायची.

गाडी टाटानगरला संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास आली, अगदी वेळेवर. भावोजींनी सामान आत लावून दिलं. ताई बाळाला घेऊन फलाटावर उभी होती आणि आई खिडकीतून नुसती बघत होती. तीन महिन्यांच्या नातवाला सोडून निघताना तिच्या घशाखाली दुपारचं जेवणही धड उतरलं नव्हतं. अर्धी पोळी आणि थोडा वरणभात, एवढंच. ही गोष्ट मला माहीत होती. तिचा संबंध पुढे येणार आहे, हे मात्र तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

रात्रीच्या जेवणाची सोय मी करून ठेवली होती. ॲपवरून दोन थाळ्या मागवल्या होत्या, 360 रुपये, राउरकेलाला जागेवर आणून देणार होते. गाडी तिथे आठच्या आसपास पोचते. आईचं इन्सुलिन मिक्स प्रकारचं आहे आणि डॉक्टरांनी ते जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगितलंय. घरी ती रोज घड्याळ बघून घेते. सव्वासातला तिने विचारलं, ‘‘पोरी, घेऊ का गं?’’ मी मोबाइलवर गाडी कुठे आहे ते पाहिलं, सगळं वेळेत होतं. थोडं थांबून म्हटलं, घे. साडेसात वाजायच्या आत तिने 18 युनिट घेतले.

चक्रधरपूर सोडलं की गाडी सारंडाच्या जंगलात शिरते. डोंगर, वळणं, एक बोगदा आणि दोन्ही बाजूंना साल वृक्षांची दाट झाडी. दिवसा फार सुंदर दिसत असणार, रात्री मात्र खिडकीबाहेर नुसता काळोख. त्या काळोखात गाडी थांबली. आधी दहा मिनिटं, मग वीस. मग थोडी सरकली आणि पुन्हा थांबली. मोबाइलला रेंज नव्हती. पुढे काही अडचण आहे असं कोणीतरी सांगत होतं, नक्की काय ते कोणालाच ठाऊक नव्हतं. साडेआठ वाजले. आई खिडकीला डोकं टेकून गप्प बसली होती. मला वाटलं, नातवाची आठवण येतेय. बसू दे गप्प.

आमच्या समोरच्या लोअर बर्थवर एक बाई होती. चाळिशीची असेल. सोबत सहा-सात वर्षांचा मुलगा, तो वरच्या बर्थवर केव्हाच झोपला होता. तोवर आमचं बोलणं एवढंच झालं होतं की पिशवी जरा आत सरकवू का. ती एकदम उठली, आईच्या मानेला हात लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘इतनी ठंड में इनको पसीना क्यों आ रहा है?’’

नोव्हेंबरची रात्र, खिडकीच्या फटीतून गार वारा येत होता, माझ्या अंगावर स्वेटर होता. आणि आईच्या ब्लाउजचा गळा घामाने ओला झाला होता. मी तिच्या अगदी समोर, दोन हातांवर बसले होते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी हाक मारली. तिने ओ दिली, पण म्हणाली, ‘‘गॅस बंद केलास का?’’ तिच्या हाताची बोटं बारीक थरथरत होती.

ग्लुकोमीटर माझ्या पर्समध्येच होता. नऊला पाच कमी असताना आकडा आला 58. सत्तरच्या खाली साखर गेली की ती कमी धरतात, एवढं मला माहीत होतं. पुढे काय करायचं तेही कधीतरी ऐकलं होतं, पण त्या क्षणी डोकं चालेना. मी पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला आणि तो फाडायला लागले. त्या बाईने माझा हात धरला. म्हणाली, बिस्किट नंतर, आधी साखरेचं पाणी. बिस्किट चावायला वेळ, पचायला त्याहून जास्त, आणि त्यातल्या तुपा-तेलाने साखर रक्तात जायला आणखी उशीर होतो. तिच्या आईला बारा वर्षं इन्सुलिन चालू होतं, हे तिने मला नंतर सांगितलं.

मुलाच्या दुधासाठी तिने एका डबीत साखर घेतली होती. डबीचं झाकण घट्ट बसलं होतं, ते तिने पदराने धरून उघडलं. अर्धा पेला पाण्यात तीन चमचे साखर घातली, ढवळली. आईला देण्याआधी तिने एक गोष्ट केली, ती मी कधीच विसरणार नाही. चमचाभर साधं पाणी आईच्या ओठांना लावलं आणि ती नीट गिळते की नाही ते पाहिलं. माणूस शुद्धीत नसेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, ते श्वासनळीत जाऊ शकतं. आईने गिळलं. मग तो पेला तिने घोट घोट पाजला, एका हाताने आईची पाठ धरून.

मग पंधरा मिनिटं थांबायचं होतं. ही पंधरा मिनिटं सगळ्यात कठीण गेली. गाडी उभी, बाहेर काळोख, आई डोळे मिटून. मला सारखं वाटत होतं, अजून साखर द्यावी, अजून काहीतरी करावं. ती बाई घड्याळाकडे बघत बसली होती आणि दर दोन मिनिटांनी आईशी काहीबाही बोलत होती. नातवाचं नाव काय ठेवलं, मुंबईत घर कुठे आहे. उत्तरं ऐकून तिला कळत होतं आई किती ताळ्यावर आहे ते. पंधरा मिनिटांनी 66. अजून सत्तरच्या खालीच, म्हणून पुन्हा तीन चमचे, पुन्हा पंधरा मिनिटं. तिसऱ्या वेळी आकडा 94 आला आणि आई म्हणाली, ‘‘या बाईंना त्रास झाला गं आपला.’’ तेव्हा मला रडू फुटलं.

पण तेवढ्याने भागत नाही, हेही तिनेच सांगितलं. साखरेचं पाणी झटकन चढतं आणि तसंच उतरतं. टोचलेलं इन्सुलिन मात्र अंगात अजून कितीतरी तास काम करत राहणार असतं. म्हणून लगेच जेवण पोटात जायला हवं. आमच्या थाळ्या अजून पुढच्या स्टेशनवर होत्या. तिने आपला डबा उघडला. चार पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी. त्यातल्या दोन पोळ्या आईला वाढल्या आणि ती सावकाश खाईपर्यंत शेजारी बसून राहिली. मग स्वतः उरलेलं खाल्लं. मी मागवलेली थाळी तिला द्यायची असं ठरवलं होतं, पण राउरकेला आलं तेव्हा दहा वाजायला आले होते आणि ती म्हणाली, आता भूक नाही. ज्या मुलाने थाळ्या आणल्या तो दोन तास फलाटावर थांबला होता. त्याचंही मला कौतुक वाटलं.

टीसी राउरकेलाच्या आधी आले होते. त्यांनी मीटरवरचा आकडा बघितला आणि विचारलं, पुढच्या स्टेशनवर डॉक्टर बोलवू का. गाडीत असं काही झालं की टीसींना सांगायचं किंवा 139 ला फोन करायचा, मग पुढच्या मोठ्या स्टेशनवर डॉक्टर येऊ शकतात. आम्हाला रेंज नसल्याने फोन लागला नव्हता. तोवर आई जेवली होती, साखर 112 झाली होती, म्हणून आम्ही नको म्हटलं. आकडा चढला नसता किंवा आई झोपाळू होत गेली असती तर मी नक्की बोलावलं असतं.

दहा वाजता सगळे बर्थ लावायला लागले. मी आईची उशी साइड लोअरवर ठेवत होते, तेवढ्यात ती बाई आपली चादर गोळा करून उभी राहिली. म्हणाली, माताजी इथे झोपतील. म्हणजे तिच्या लोअरवर. आणि ती स्वतः? ती माझ्याबरोबर साइड लोअरवर बसणार. मी नाही नाही म्हणत राहिले. तिच्याकडे कन्फर्म तिकीट होतं, मुलाला घेऊन एवढ्या लांब चालली होती. तिने ऐकलंच नाही. साइडच्या बाकावर माणूस अंग दुमडून झोपतो, काही झालं तर पटकन कळत नाही, इथे समोर दिसत राहील, असं तिचं म्हणणं. टीसींच्या कानावर घालून आम्ही जागा बदलल्या.

बाकाच्या दोन टोकांना आम्ही दोघी पाठ टेकून बसलो, पाय एकमेकींच्या बाजूने लांब केलेले. बिलासपूरला मध्यरात्र उलटून गेल्यावर टीसी परत आले. दोन डबे सोडून एक अप्पर रिकामा झालाय, कोणीतरी एकीने जा म्हणाले. मी तिला म्हटलं, दीदी, तुम्ही जा, झोपा. ती म्हणाली, तीन वाजता उठवायला कोण मग? कारण तिने मोबाइलवर तीनचा गजर लावून ठेवला होता. रात्री पुन्हा साखर उतरू शकते म्हणून एकदा बघायची होती. मीही आईला सोडून जायला तयार नव्हते. तो बर्थ दुसऱ्या कोणाला तरी मिळाला.

तीनला तिनेच मला हलवलं. आईचं बोट धरून मी टोचलं, तिने मोबाइलचा उजेड धरला. 131. आई जागीसुद्धा झाली नाही. त्यानंतर मला जी झोप लागली ती उजाडेपर्यंत.

सकाळी तिचं स्टेशन आलं. ते कुठलं हे मी लिहीत नाही, आणि गाडीचं नाव व बर्थचा नंबरही मुद्दामच लिहिलेला नाही. तिने मुलाला उठवलं, बूट घातले, पिशव्या काढल्या. मी पैसे द्यायचा विचारही केला नाही, तो तिचा अपमान झाला असता. मुलासाठी ताईकडचे बेसनाचे लाडू दिले, ते तिने घेतले. आणि उतरता उतरता ती साखरेची डबी आईच्या हातात ठेवली. ‘‘रास्ते में लगेगी.’’ फलाटावर गर्दी होती. मुलाचा हात धरून ती जिन्याकडे गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं. रात्रभर मी तिला दीदी म्हणत होते आणि आई बेटी.

पुढचा दिवस शांत गेला. सकाळचं इन्सुलिन आईने नाश्त्याचा डबा हातात आल्यावरच घेतलं, अर्धा तास थांबली आणि लगेच खाल्लं. भुसावळला केळी घेतली. कसारा घाट उतरताना आई खिडकीशी बसून डबीचं झाकण उघडत होती, लावत होती. दादरला उतरलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, जवळजवळ दोन तास उशीर. टॅक्सीने लालबाग.

24 तारखेला, सोमवारी, आमच्या डॉक्टरांकडे गेलो. 500 रुपये फी. त्यांनी मीटरमधले सगळे आकडे वेळेसह वहीत उतरवून घेतले. चूक कुठे झाली ते त्यांनी सरळ सांगितलं: दुपारी जेवण कमी आणि रात्रीचं जेवण हातात नसताना इन्सुलिन. प्रवासात गाडीच्या वेळापत्रकावर इन्सुलिन घ्यायचं नाही. आधी जेवण मांडीवर, मग इंजेक्शन, मग थांबायचं तेवढं थांबून जेवण. आईसाठी त्यांनी असंही सांगितलं की प्रवासाच्या दिवशी खाणं कमी होणार असेल तर डोस किती घ्यायचा ते आधी फोन करून विचारा, आपल्या मनाने डोस गाळू किंवा बदलू नका. प्रत्येकाचं इन्सुलिन वेगळं असतं, तेव्हा हे तुमच्या डॉक्टरांकडून स्वतःसाठी विचारून घ्या. मी त्यांना पेनबद्दलही विचारलं, कारण प्रवासात बर्फ कुठून आणायचा ही मला चिंता होती. वापरात असलेलं आईचं पेन साधारण चार आठवडे बाहेर राहू शकतं, फक्त उन्हात किंवा तापलेल्या जागी ठेवायचं नाही. न उघडलेलं असेल ते फ्रिजमध्ये, पण बर्फाला चिकटून नाही, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

आता आईच्या पर्समध्ये मीटर, पट्ट्या, ग्लुकोज पावडरचा पुडा आणि एक चमचा कायम असतो. आणि एका चिठ्ठीवर मराठीत, हिंदीत लिहून ठेवलंय की या बाई इन्सुलिन घेतात, बोलणं विस्कळीत वाटलं तर साखर तपासा. मी सोबत नसले तरी कोणाला तरी वाचता येईल.

राहिलं कॅप्शन. त्या बाईला शोधायचं कसं? माझ्याकडे तिचा फोटो नाही. असता तरी विचारल्याशिवाय टाकला नसता. डबीच्या तळाला एक नाव कोरलेलं आहे, जसं आपल्याकडे भांड्यांवर कोरतात तसं, ठिपक्या-ठिपक्यांनी. तिचं असेल, तिच्या आईचं असेल, कोणाचं ते मला सांगता येणार नाही. फोटो काढताना डबी सरळ ठेवली, तळ दिसू दिला नाही. ज्या बाईने आपलं नाव सांगितलं नाही तिचं नाव तिच्या भांड्यावरून वाचून चारचौघांत सांगणं मला बरोबर वाटलं नाही. पहिल्यांदा मी जे लिहिलं त्यात देवदूत, माणुसकी, ऋण असे शब्द होते. वाचल्यावर ती बाई त्यात कुठेच दिसेना. दुसऱ्यांदा फार लांब झालं. शेवटी तिने जे केलं तेवढंच लिहायचं ठरवलं. 5 डिसेंबरला रात्री हे लिहिलं:

‘‘ही डबी आमची नाही. सारंडाच्या जंगलात गाडी उभी असताना माझ्या आईची साखर उतरली. मला कळलं नाही, समोरच्या ताईंना कळलं. त्यांनी मुलाच्या दुधाची साखर आईला पाजली, आपल्या डब्यातल्या दोन पोळ्या दिल्या, आपली जागा दिली आणि तीन वाजता गजर लावून उठल्या. सकाळी उतरताना डबीही देऊन गेल्या. ताई, आई बरी आहे. डबी रोज भरलेली असते. तुमची आहे, कधीही घेऊन जा.’’

टाकण्याआधी आईला वाचून दाखवलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘शालीचं नाही लिहिलंस.’’

मी विचारलं, कोणती शाल?

मला ते माहीतच नव्हतं. पहाटे कधीतरी आईला जाग आली होती. तेव्हा ती बाई साइडच्या बाकावर बसून होती, खिडकीच्या फटीत तिने एक वर्तमानपत्र कोंबलं होतं आणि स्वतःच्या अंगावरची शाल काढून माझ्या पायांवर टाकत होती. आईने बघितलं तशी तिने ओठांवर बोट ठेवलं.

कॅप्शनमध्ये मी ती ओळ घातली.